पाचने भागायचं की चारने

बत्तीस पेपरांपैकी पहिल्या चारांवर लाल फुली मारताना मॅडमना मुलांचा राग आला होता. पाचव्यावर पेन टेकवलं आणि त्यांना स्वतःचीच शंका आली. पहिल्या बाकावर बसणारी, कोणाकडे मान वळवूनही न बघणारी ती मुलगी चुकली म्हणजे जरा अतीच झालं. तिचं उत्तर १.४१ होतं. मॅडमच्या उत्तरसूचीत १.५८ होतं.

मॅडम कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. अंतर्गत परीक्षेची वर्कशीट त्यांनीच काढली होती, दोनच प्रश्नांची आणि दिसायला अगदी गरीब. पहिल्या प्रश्नात एका कार्यालयातले पाच कर्मचारी होते, एकूण पाचच, आणि त्यांनी गेल्या महिन्यात घेतलेल्या रजा दिल्या होत्या: ४, ८, ६, ५, ७. दुसऱ्यात एका गोदामात हजारो पाकिटं होती, त्यांतली सहा उचलून वजन केलं होतं: ४७, ५३, ५०, ४९, ५१, ५० ग्रॅम. दोन्हींचं प्रचरण, म्हणजे मुलं ज्याला व्हेरियन्स म्हणतात ते, आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे प्रमाण विचलन, काढायचं. आधी हाताने करायचं, मग कॅल्क्युलेटरवर पडताळायचं. शिवाय प्रत्येक उत्तराखाली एक ओळ लिहायची: ही समष्टी आहे की नमुना, आणि कशावरून?

मेख होती ती या ओळीत. पहिल्या प्रश्नात सगळेच्या सगळे मोजलेत, बाहेर कोणी उरलं नाही, म्हणून ती समष्टी. तिथे पाचने भागायचं. दुसऱ्यात सहा पाकिटांवरून न बघितलेल्या हजारोंबद्दल बोलायचंय, म्हणून तो नमुना. सरासरी त्याच सहांतून काढलेली असल्यामुळे फरक जरा लहानच दिसतात, म्हणून तिथे सहाने नाही, एक कमी करून पाचने भागायचं. मॅडम हे गेली एकोणीस वर्षं सांगत होत्या आणि एकोणीस वर्षं निम्मा वर्ग उलटंच करत होता.

त्यांनी पेपर बाजूला सारला आणि हाताने गणित केलं. सरासरी सहा. फरकांचे वर्ग चार, चार, शून्य, एक, एक, बेरीज दहा. दहा भागिले पाच दोन, त्याचं वर्गमूळ १.४१. उत्तरसूचीतले २.५० आणि १.५८ आले होते चारने भागून. दुसरा प्रश्न करून बघितला. वर्गांची बेरीज वीस, भागिले पाच चार, वर्गमूळ बरोबर दोन. उत्तरसूचीत ३.३३ आणि १.८३, म्हणजे सहाने भागलेलं. दोन्हीकडे उलटापालट झाली होती.

मॅडम कानापर्यंत लाल झाल्या. स्टाफरूममध्ये दुसरं कोणी नव्हतं हे नशीब. रविवारी घरी घाईघाईत उत्तरसूची केली, कॅल्क्युलेटरवर आकडे टाकले, तेवढ्यात फोन वाजला, आणि त्या नादात समष्टीचं आणि नमुन्याचं अशी शेजारशेजारची दोन बटणं उलटी दाबली गेली असणार. त्यांनी चार पेपरांवरच्या फुल्या खोडून बरोबरच्या खुणा केल्या, उत्तरसूची दुरुस्त केली आणि कोणाला ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवून पुढे तपासायला घेतलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एकोणिसावा पेपर आला.

एकोणिसावा पेपर झिपरीचा होता.

झिपरी म्हणजे मॅडमच्या धाकट्या बहिणीची मुलगी. केसांना कंगवा लागला तर लागला, म्हणून हे नाव तिला वयाच्या तिसऱ्या वर्षी पडलं आणि सतराव्या वर्षापर्यंत चिकटून राहिलं. बहिणीच्या गावात चांगलं कॉलेज नव्हतं, म्हणून दीड वर्ष ती मावशीकडे राहत होती. घरी मावशी, वर्गात मॅडम, ही कसरत पोरीने इतकी चोख सांभाळली होती, की पहिले सहा महिने वर्गात कोणाला पत्ताच नव्हता.

आणि त्या पेपरावर लिहिलं होतं १.५८.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता. वाईट म्हणजे त्याच्या शेजारी बरोबर उत्तरही होतं. झिपरीने हाताने सगळं नीट केलं होतं. रकाने आखलेले, वर्गांची बेरीज दहा, भागिले पाच, दोन, वर्गमूळ १.४१. मग त्यावर आडवी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं २.५० आणि १.५८. खालची ओळ मात्र तशीच ठेवली होती: ‘पाचही कर्मचारी मोजले आहेत, म्हणून समष्टी.’ दुसऱ्या प्रश्नातही तेच. बरोबर आलेले ४ आणि २ खोडलेले, त्यांच्या जागी ३.३३ आणि १.८३.

उरलेले सगळे पेपर बघून झाले, एकतीस मुलांपैकी कोणाचंही उत्तर असं नव्हतं. पाचसहा जणांनी एका प्रश्नात घोळ घातला होता, पण दोन्ही प्रश्नांत उलटापालट, तीही आधी बरोबर करून मग खोडून, अशी दुसरी एकही नव्हती. ते चार आकडे जगात दोनच ठिकाणी होते. एक मॅडमच्या चुकलेल्या उत्तरसूचीत आणि दुसरे या कागदावर. हाताने बरोबर सोडवलेलं गणित कोणी खोडेल कशाला? खोडेल तोच, ज्याने खरं उत्तर म्हणून दुसरंच काहीतरी आधी बघून ठेवलंय.

मॅडमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हापासून. पाल म्हणायची ती चुकचुकून गप्प बसणारी, ही मेली दिवसभर बोलत राहिली.

उत्तरसूची कुठे होती रविवारपासून? घरी, मॅडमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, निळ्या फाइलीत. परीक्षा मंगळवारी झाली. ड्रॉवरला कुलूप होतं, पण किल्ली कायम कुलपालाच लटकलेली. सोमवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा झिपरी त्या टेबलापाशीच उभी होती आणि तिने ड्रॉवर पटकन लोटला होता, हे त्यांना आता लख्ख आठवलं. “काय शोधतेस गं?” असं त्यांनी विचारलं होतं. “काही नाही, रबर,” असं ती म्हणाली होती. रबर तिच्या स्वतःच्या कंपासमध्ये होतं. मंगळवारी परीक्षेनंतर घरी गेल्या तर पोरगी पुन्हा त्याच खोलीतून बाहेर पडत होती. आणि रात्री जेवताना, काही कारण नसताना, तिने विचारलं होतं, “मावशी, पेपर कधी तपासणार?”

तेव्हा त्यांना त्यात काहीच वाटलं नव्हतं. आता एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहायला लागली, आणि प्रत्येकीचं तोंड झिपरीच्या दिशेला.

विभागप्रमुखांना मॅडमनी ते त्याच दिवशी, बुधवारी दुपारी सांगितलं. लपवणं शक्यच नव्हतं. नात्यातली मुलगी वर्गात आहे, तर मॅडमनी तपासल्यावर तिचे पेपर विभागप्रमुखांनी पुन्हा बघायचे, असं वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी ठरलं होतं. विभागप्रमुखांना सगळं कॉलेज पाठीमागे दशांश सर म्हणायचं, कारण किती वाजले विचारलं तरी ते दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतील असा माणूस. त्यांनी झिपरीचा पेपर आणि उत्तरसूचीतले खोडलेले जुने आकडे शेजारी ठेवले आणि पट्टी लावून आकडे जुळवले.

“कारण स्वतःचं आहे आणि उत्तर दुसऱ्याचं,” ते म्हणाले. “मॅडम, हे योगायोगाने होत नाही.”

“मलाही तेच वाटतंय, सर.”

“वाटतंय म्हणू नका. फॉर्म भरा. शुक्रवारी सकाळी दहा वाजता गुण वर जातात, त्याच्या आत मला द्या.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “तुमची भाची आहे म्हणून सांगतो. फॉर्म गेला की या विषयाचे अंतर्गत गुण शून्य. पुढच्या वर्षी पदवीला संख्याशास्त्र घ्यायचं म्हणत होती ना? ते मग नाही मिळायचं. पण नाही भरलात तर लोक तुम्हाला विचारतील.”

मॅडमनी फॉर्म घेतला. कॉपीच्या संशयाचा तो फॉर्म पिवळा होता, एका पानाचा, सहा रकान्यांचा. त्यांनी पाच भरले. सही राहिली.

घरी त्या दिवशी त्यांनी काय केलं, तर ड्रॉवरला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. दीड वर्षात पहिल्यांदा. झिपरीने ते बघितलं. मान खाली घालून पाण्याचा ग्लास घेऊन निघून गेली. मॅडमना वाटलं, बघ, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. माणूस एकदा संशय घ्यायला बसला की समोरच्याने बोललं तरी पाणी मुरतं आणि नाही बोललं तरी मुरतं. समोरच्याने खोकावं की खोकू नये हेही मग कळेनासं होतं.

मॅडमचे यजमान चष्म्याच्या दुकानात बसायचे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा हा माणूस घरात मात्र कोणाच्या डोळ्यात काय आहे ते कधी बघायचा नाही, अशी मॅडमची जुनी तक्रार. त्या संध्याकाळी त्यांनी मात्र बघितलं.

“तुझं आणि झिपरीचं काय बिनसलंय?”

“काही नाही.”

“काही नाही तर ड्रॉवरला कुलूप कशाला? मला माझा छोटा स्क्रू-ड्रायव्हर हवा होता.”

“तुम्ही त्या ड्रॉवरला हात लावू नका. मागच्या महिन्यात लावलात तो पुरे झाला.”

हे त्यांनी हसतच झेललं. मागच्या महिन्यात त्यांनी बायकोवर उपकार म्हणून घरातला जुना कॅल्क्युलेटर काचा पुसायच्या द्रावणाने स्वच्छ केला होता. इतका स्वच्छ, की बटणांवरची निम्मी अक्षरं पुसली गेली. मॅडमनी चार दिवस अबोला धरला, आणि मग कागदाचे छोटे तुकडे कापून, त्यांवर बारीक अक्षरात लिहून, चिकटपट्टीने प्रत्येक बटणावर लावले. अक्षर त्यांचं छापल्यासारखं होतं. कॅल्क्युलेटर पहिल्यापेक्षा बरा दिसायला लागला असं यजमान म्हणाले, आणि पुन्हा दोन दिवस अबोला ओढवून घेतला.

“काय ते बोलून टाक तिच्याशी,” ते आता म्हणाले.

“काय बोलू? तू माझ्या ड्रॉवरमधून उत्तरं चोरलीस का, असं?”

यजमानांचं हसणं थांबलं. “झिपरीने? तुला असं वाटतं?”

“मला वाटत नाही. कागद सांगतोय.”

“किती कागद?”

“एक.”

“एका कागदावरून?” ते म्हणाले आणि उठून आत गेले. त्यांना संख्याशास्त्र येत नव्हतं, तरी ते वाक्य मॅडमना नको तिथे लागलं. वर्गात दरवर्षी त्या स्वतःच सांगायच्या, की एकाच निरीक्षणाच्या नमुन्यात एक वजा एक शून्य होतं, आणि शून्याने भागता येत नाही. एकाच वेळी बघून माणूस किती इकडेतिकडे होतो ते काढताच येत नाही. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची.

गुरुवारचा दिवस असाच गेला. झिपरी कॉलेजला एकटी गेली, एकटी आली. मॅडमनी वर्गात तिच्याकडे बघितलं नाही, आणि बघितलं नाही हे तिला कळेल इतकं मुद्दाम बघितलं नाही. धाकट्या बहिणीचा फोन आला तर त्यांनी घेतला नाही. काय सांगणार होत्या? तुझी मुलगी माझ्याकडे ठेवलीस, आणि उद्या सकाळी मी तिच्या नावावर पिवळा कागद लावणार आहे? त्यांना रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हींतलं खरं कोणतं ते ठरत नव्हतं. पोरीने मागितली असती तर त्यांनी तिला रात्ररात्र बसून शिकवलं असतं. चोरी कशाला?

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी ठरवलं. सही करायच्या आधी एकदा समोर बसवायचं. पोरीला जमत नाही हे डोळ्यांनी दिसलं की सही करणं सोपं जाईल. थोडक्यात, तो सापळा होता, आणि मॅडमना आपण सापळा लावतोय हे पक्कं माहीत होतं.

“झिपरे, इकडे ये. बस.”

झिपरी जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला.

“आपल्या घरात माणसं तीन. काल कोणी किती कप चहा घेतला ते लिही. तू दोन, मी पाच, तुझे काका आठ. प्रमाण विचलन काढ. माझ्यासमोर.”

“काका आठ?” आतून आवाज आला. “दुकानातले धरून?”

“तुम्ही मध्ये बोलू नका.”

झिपरीने मावशीकडे एकदा बघितलं. मग पेन उघडलं आणि रकाने आखले. सरासरी पाच. फरक उणे तीन, शून्य, तीन. वर्ग नऊ, शून्य, नऊ. बेरीज अठरा. मॅडम तिच्या हाताकडे मांजरीसारख्या टक लावून बसल्या होत्या. “तिघेही मोजले, घरात चौथं कोणी नाही, म्हणून समष्टी,” झिपरीने पुटपुटत लिहिलं. अठरा भागिले तीन, सहा. वर्गमूळ २.४५.

बरोबर होतं. पहिल्या फटक्यात, न अडखळता बरोबर. मॅडमना आनंद व्हायला हवा होता, पण झाला तो घोटाळा. इतकं येतंय तर चोरलं कशाला?

“पडताळ,” त्या कोरडेपणाने म्हणाल्या.

“कॅल्क्युलेटर कुलपात आहे.”

“तुझा कुठे आहे?”

झिपरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मॅडमनी मनात म्हटलं, आता आली गाडी रुळावर.

“तुझा कुठे आहे, विचारलं मी.”

“तुटला,” झिपरी म्हणाली. “मागच्या शनिवारी. जिन्यावरून पडला माझ्या हातातून. तू वाढदिवसाला दिलेला म्हणून सांगितलं नाही. सोमवारी तुझ्या ड्रॉवरमधला घेतला आणि परीक्षा झाल्यावर परत ठेवला. न विचारता घेतला, चुकलं माझं. म्हणून तू कुलूप लावलंस ना?”

रबर, लोटलेला ड्रॉवर, परीक्षेनंतर त्या खोलीतून बाहेर पडणं, सगळं एकेक करून आपली जागा बदलत होतं. पण आकडे अजून जागचे हलले नव्हते. कॅल्क्युलेटर घेतला असेल. त्याच ड्रॉवरमध्ये फाइलही होती.

त्यांनी पर्समधून किल्ली काढली, कॅल्क्युलेटर आणला आणि तिच्यापुढे ठेवला. झिपरीने दोन, पाच, आठ असे आकडे टाकले, मग चिठ्ठीवर ‘एन’ लिहिलेलं बटण दाबलं. समष्टीसाठी तेच दाबायचं असतं. ती पडद्याकडे बघत राहिली.

“काय आलं?”

“तीन.”

“तीन कसं येईल?”

“परीक्षेतही असंच झालं होतं, मावशी.” झिपरीचं पेन २.४५ वर येऊन थांबलं होतं, रेघ मारायच्या बेतात. “हाताने एक आणि यावर दुसरंच. पाचच मिनिटं उरली होती. वर्ग पुन्हा तपासले, मला चूक सापडेना. तरी माझीच असणार असं धरून चाललं. म्हणून खोडून यावरचं लिहिलं.”

“थांब,” मॅडम म्हणाल्या. “रेघ मारू नकोस.”

त्यांनी कॅल्क्युलेटर आपल्याकडे ओढला. सगळं पुसून फक्त दोन आकडे टाकले, एक आणि तीन. हे तोंडी येणारं गणित. सरासरी दोन, वर्ग एक आणि एक, बेरीज दोन. दोनने भागलं तर विचलन एक, आणि एकने भागलं तर १.४१. समष्टीचं उत्तर एक यायला हवं. त्यांनी ‘एन’ दाबलं. पडद्यावर १.४१ आलं. ‘एन वजा एक’ दाबलं. एक आलं.

त्यांनी नखाने चिकटपट्टी उचलली. खाली बटणाचा काळा, कोरा, गुळगुळीत पृष्ठभाग होता. शेजारच्या बटणाचंही तेच. दोन चिठ्ठ्या आठवणीने लावल्या होत्या, आणि आठवण उलटी निघाली होती. रविवारी मॅडमनी चुकीचं बटण दाबलंच नव्हतं. चिठ्ठीवर जे लिहिलं होतं तेच दाबलं होतं. मंगळवारी झिपरीनेही तेच केलं होतं. दोघींना एकाच यंत्राने एकच खोटं सांगितलं होतं, आणि ते खोटं मॅडमच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं.

“तुझं हाताने बरोबर आलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “दोन्ही प्रश्नांत. मग स्वतःवर विश्वास ठेवायचास ना गं. खोडलंस कशाला?”

झिपरीने त्या उचकटलेल्या चिठ्ठीकडे बोट केलं.

“अक्षर तुझं होतं,” ती म्हणाली.

मॅडमना वाटलं कोणीतरी कानाखाली वाजवली. या पोरीने स्वतःचं बरोबर गणित खोडलं, कारण मावशी चुकेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि मावशीने दोन दिवस तिला चोर धरलं, कारण आपली चिठ्ठी चुकली असेल हे तिच्याही डोक्यात आलं नाही. दोघींनी विश्वास ठेवला होता तो एकाच माणसावर.

त्यांनी पर्स उघडली आणि पिवळा फॉर्म टेबलावर ठेवला. लपवायचा मोह झाला होता, नाही असं नाही. झिपरीने तो वाचला. सगळे पाच रकाने वाचले. स्वतःचं नाव बघितलं, पुढचं ‘उत्तरसूची आधी पाहिल्याचा संशय’ वाचलं. मग फॉर्मची घडी पुन्हा होती तशी घातली.

“मला वाटलं होतं कॅल्क्युलेटर घेतला म्हणून रागावलीस,” ती हळूच म्हणाली. “चोरी केली असं वाटलं होतं होय तुला?”

“हो.”

“विचारलं का नाहीस?”

आतून यजमान बाहेर आले, दोघींकडे बघितलं, कॅल्क्युलेटरकडे बघितलं, आणि म्हणाले, “पुसला मी होता, तेव्हा सुरुवात माझ्यापासून धरा.” कोणी हसलं नाही, पण खोलीत जरा हवा खेळली.

शुक्रवारी सकाळी मॅडम दशांश सरांसमोर उभ्या राहिल्या. कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवला, एक आणि तीन टाकून दाखवलं, चिठ्ठ्या दाखवल्या. सरांनी स्वतः दोनदा करून बघितलं. मग पिवळा फॉर्म चार तुकड्यांत फाडून टोपलीत टाकला.

“सुटलो,” ते म्हणाले. “पण गुणांचं काय? खोडलेलं तपासायचं नाही, हा नियम आहे.”

“माहीत आहे. दोन उत्तरांचे गुण जातील. रीत आणि कारणाचे मिळतील. मी तिला सांगितलंय.”

“काय म्हणाली?”

“रेघ मी मारली, म्हणाली.”

वर्गाला मॅडमनी स्वतःहून सांगितलं, की माझी उत्तरसूची चुकली होती आणि पहिल्या चार पेपरांवर फुल्या मी मारल्या होत्या. मुलांना हे ऐकून इतका आनंद झाला की पुढची दहा मिनिटं वाया गेली. झिपरी शेवटच्या बाकावर खाली बघून हसत होती. घरी ती पूर्वीसारखी बोलायला लागली, काकांची चहावरून थट्टा करायला लागली, किल्ली पुन्हा कुलपाला लटकली. मॅडमना वाटलं, निभावलं.

दोन आठवड्यांनी पुढच्या सरावाच्या वर्कशीटवर दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. झिपरीचं एका उत्तरावर अडलं.

“बरोबर आहे ते,” मॅडम म्हणाल्या. “मी बघितलं. पुढे जा.”

पूर्वी एवढं म्हटलं की पोरगी लगेच पान उलटायची. या वेळी तिने कोरा कागद ओढला, रकाने आखले आणि पहिल्या आकड्यापासून पुन्हा सुरुवात केली. तोंडावर रुसवा नव्हता, उद्धटपणाही नव्हता. फक्त ती तपासत होती.

गेली एकोणीस वर्षं मॅडम प्रत्येक वर्गाला हेच करायला सांगत आल्या होत्या. त्या कागदाकडे बघत बसून राहिल्या, आणि झिपरीचा भागाकार होईपर्यंत त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही.